कुरिअरकडे पार्सल हरवलं तर: दावा कुरिअरवर, परतावा ग्राहकाला

पार्सल हरवलं की छोट्या विक्रेत्याचे दोन हिशेब एकाच वेळी उघडतात, एक ग्राहकाशी आणि दुसरा कुरिअरशी. ग्राहकाने पैसे तुम्हाला दिलेले असतात, कुरिअरला नाही. त्यामुळे ‘कुरिअरने दिले की तुम्हाला देतो’ असं सांगण्यात अर्थ नसतो, आणि बहुतेक भांडणं तिथेच सुरू होतात. आम्ही हे दोन हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेवतो. ते कसे ठेवायचे, हे दादरहून नागपूरला पाठवलेल्या आमच्या एका पार्सलवरून सांगते.

पार्सलमध्ये खणाच्या दोन साड्या होत्या. बिल ३,८०० रुपयांचं, वर ५ टक्के जीएसटी १९०, एकूण ३,९९०. ग्राहकाने पैसे ऑनलाइन आधीच भरले होते. बुकिंग एका अ‍ॅग्रिगेटरमार्फत केलं होतं, म्हणजे वेगवेगळ्या कुरिअर कंपन्यांचे दर एकाच ठिकाणी दाखवून बुकिंग करून देणाऱ्या मध्यस्थामार्फत. कुरिअरचं भाडं १०० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. भिवंडीच्या हबपर्यंत पार्सल व्यवस्थित गेलं आणि तिथून पुढे ट्रॅकिंग हललंच नाही.

ट्रॅकिंग थांबलं म्हणजे पार्सल हरवलं असं नसतं. शेवटचं स्कॅन कुठलं आहे, ते आधी बघायचं. आपल्याकडून पार्सल गेलं, पण ‘पिकअप’चं स्कॅनच दिसत नाही, हा सगळ्यात अवघड प्रकार. पार्सल आमच्याकडे आलंच नाही असं कुरिअर म्हणू शकतो, आणि तेव्हा हातात फक्त मॅनिफेस्ट असतो. मॅनिफेस्ट म्हणजे त्या दिवशी दिलेल्या सगळ्या पार्सलांची एडब्ल्यूबी, म्हणजे ट्रॅकिंगच्या नंबरांसह यादी. पिकअपला आलेल्या मुलाची सही, तारीख आणि पार्सलांची संख्या त्यावर घ्यायचीच. मुलगा घाईत असतो, ‘मॅडम, स्कॅन केलंय’ म्हणतो, पण सही झाल्याशिवाय पोतं हलू द्यायचं नाही. त्या कागदाचा लगेच फोटो काढून ठेवायचा.

दुसरा प्रकार आमच्या पार्सलचा. एका हबमधून ‘डिस्पॅच’ दिसतं, पण पुढच्या हबमध्ये ‘रिसीव्ह’ दिसत नाही. लहान पार्सलं हबमध्ये सुटी जात नाहीत. एका शहराची पार्सलं एका बॅगेत भरून बॅगेला वेगळा नंबर लागतो, आणि प्रवास बॅग करते. म्हणून तक्रार करताना ‘माझं पार्सल कुठे आहे’ एवढंच विचारलं तर ‘प्रवासात आहे’ एवढंच उत्तर येतं. विचारायचं असं: बॅग नंबर काय आहे, ती बॅग नागपूरला उतरली का, आणि उतरली असेल तर त्यात हे पार्सल कमी निघालं का. बॅगच उतरली नसेल तर बहुतेक वेळा गाडी मागे राहिलेली असते किंवा बॅग भलत्या शहरात गेलेली असते, आणि पार्सल उशिरा का होईना मिळतं. बॅग उतरली आणि त्यातून आपलं एकच पार्सल गायब असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. एक तर ते भरताना दुसऱ्या बॅगेत गेलं, किंवा लेबल निघालं, किंवा चोरी झाली.

लेबल निघण्याचा प्रकार लोकांना वाटतो त्याहून जास्त वेळा होतो. थर्मल प्रिंटरचं लेबल उन्हाने आणि घासून फिकं पडतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या ओल्या कव्हरवर त्याचा गोंद धरत नाही. असं बिनलेबलाचं पार्सल हबमध्ये एका बाजूला जमा होतं, आणि कोणी नेमकं वर्णन देऊन शोधल्याशिवाय ते आपलं आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून पहिल्या तक्रारीतच कव्हरचा रंग, लांबी-रुंदी-उंची, वजन, आतल्या मालाचा फोटो आणि पॅकिंग करतानाचा फोटो द्यायचा. आमच्या साड्यांचं लिहिलं होतं ते असं: ‘पांढरं कुरिअर कव्हर, त्यात कापडी पिशवी, पिशवीत एक हिरवी आणि एक जांभळी खणाची साडी, वजन १.१ किलो, पिशवीत बिलाची प्रत.’ आत बिलाची प्रत असेल तर लेबल नसतानाही पार्सल उघडणाऱ्याला नाव-नंबर सापडतो. प्रत घडी करून वर ठेवायची, साडीच्या घडीत खुपसायची नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ आणि ग्राहकाच्या हातात काहीच नाही. तेव्हा दावा हरवल्याचा नसून खोट्या डिलिव्हरीचा असतो. त्यासाठी डिलिव्हरीचा पुरावा मागायचा: सही, फोटो, ओटीपीने दिलं असेल तर ओटीपीची वेळ, आणि शक्य तर डिलिव्हरीच्या वेळचं ठिकाण. मुंबईत अनेकदा पार्सल सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा शेजारच्या विंगमध्ये दिलेलं निघतं, तेव्हा ग्राहकाला एकदा खाली विचारून यायला सांगावं. ही विनंती करताना सूर जपावा, ग्राहकावर शंका घेतली असं वाटता कामा नये.

आता दाव्याकडे येऊ. दाव्यात किती मिळेल हे बरंचसं बुकिंगच्या वेळीच ठरलेलं असतं. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट आहे, आणि त्यात ‘कॉमन कॅरिअर’च्या व्याख्येत दारोदार पोचवणाऱ्या कुरिअर एजन्सीही येतात. या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. आमचं भाडं १०० रुपये, म्हणजे त्या हिशेबाने १,००० रुपये. याहून जास्त हवं असेल तर बुकिंगच्या वेळी मालाची किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरलेला असावा लागतो, किंवा तुमच्याशी केलेल्या करारात कंपनीने जास्त रक्कम कबूल केलेली असावी लागते, किंवा तुम्ही वेगळा विमा काढलेला असावा लागतो.

आमच्या अ‍ॅग्रिगेटरच्या करारात कलम होतं: पार्सल हरवल्यास कर वगळून बिलाची रक्कम किंवा ५,००० रुपये, यांपैकी कमी असेल ते. प्रत्येक कंपनीचं कलम वेगळं असतं आणि मधूनमधून बदलतंही, म्हणून करार आणि नियमांचं पान पीडीएफ करून तारखेसह जपून ठेवावं. त्याच पानावर दावा लावण्याची मुदतही लिहिलेली असते, आणि ती अनेकदा फार थोड्या दिवसांची असते. ‘शोध सुरू आहे, थोडं थांबा’ असं सांगत कस्टमर केअर ही मुदत सहज उलटू देतं. त्यांची तक्रार क्रमांकाची नोंद म्हणजे दावा नव्हे. शोध चालू असतानाच ‘दावा’ हा शब्द आणि रक्कम लिहून स्वतंत्र ईमेल पाठवायचा, पार्सल सापडलं तर तो मागे घेता येतो.

ईमेल आम्ही छोटा ठेवतो. विषयाच्या ओळीत एडब्ल्यूबी नंबर, ‘हरवलेले पार्सल, नुकसानभरपाईचा दावा’ आणि बुकिंगची तारीख. मजकूर साधारण असा:

‘वरील क्रमांकाचे पार्सल आपल्या प्रतिनिधीने आमच्याकडून ताब्यात घेतले (सही केलेला मॅनिफेस्ट सोबत). भिवंडी हबमधून ते रवाना झाल्याची नोंद आहे. नागपूर हबमध्ये पोचल्याची नोंद नाही. ग्राहकाला पार्सल मिळालेले नाही (ग्राहकाचे पत्र सोबत). आपल्या करारातील नुकसानभरपाईच्या कलमानुसार ३,८०० रुपये आणि भाड्याचे ११८ रुपये आम्हाला द्यावेत. पार्सल सापडल्यास ग्राहकाकडे न पाठवता आमच्या पत्त्यावर परत पाठवावे.’

शेवटचं वाक्य विसरू नये. कारण पुढे येईलच.

सोबत जोडायचे कागद: विक्रीचं बिल, लेबलची प्रत, सहीचा मॅनिफेस्ट, ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट, पॅकिंगचे फोटो, ग्राहकाचं न मिळाल्याचं पत्र आणि रद्द केलेला चेक. काही कंपन्या माल विकत घेतल्याचं बिलही मागतात. तुमचा नफा आम्ही का भरून द्यायचा, असा त्यांचा मुद्दा असतो. करारात ‘बिलाची रक्कम’ असं स्पष्ट असेल तर विक्रीचंच बिल धरायला सांगावं. करारात काहीच स्पष्ट नसेल तर खरेदीचं बिल देऊन निदान तेवढी रक्कम पक्की करून घ्यावी. घरी बनवलेला माल असेल तर खरेदीचं एक बिल नसतं. तेव्हा कापड, मणी, पॅकिंग अशा कच्च्या मालाची बिलं आणि त्याच वस्तूची आधीच्या महिन्यांतली दोन-तीन विक्रीची बिलं जोडावीत, म्हणजे किंमत आयत्या वेळी वाढवली नाही हे दिसतं.

आमच्या दाव्यावर पहिलं उत्तर आलं ते भाड्याच्या दहापट, म्हणजे १,००० रुपयांचं. पहिलं उत्तर बहुधा सगळ्यात कमी रकमेचं असतं. फोनवर वाद घालण्यापेक्षा त्याच ईमेलला उत्तर देत करारातलं कलम जसंच्या तसं उतरवून काढलं, लेबलवर छापलेली मालाची किंमत दाखवली, आणि १,००० रुपये अंतिम म्हणून मान्य नाहीत असं लिहिलं. हे लिहिणं महत्त्वाचं आहे. काही ठिकाणी रक्कम थेट अ‍ॅग्रिगेटरकडच्या आपल्या वॉलेटमध्ये जमा करून दावा बंद करतात आणि आपण गप्प राहिलो की ती मान्य केली असं धरतात. नंतर कलमाप्रमाणे ३,८०० आणि भाडं असं मंजूर झालं, वॉलेटमध्ये. बँकेत हवेत असं सांगता येतं, पण रोजचं बुकिंग त्याच वॉलेटमधून होत असेल तर त्यासाठी भांडण्यात फार काही नाही.

दावा नुसताच लटकत राहिला तर १८० दिवस लक्षात ठेवायचे. २००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, माल हरवल्याबद्दल वाहकावर कोर्टात जायचं असेल तर आधी लेखी नोटीस दिलेली असावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. पार्सल हरवल्याचं कळल्यापासून नव्हे, बुकिंगपासून. अ‍ॅग्रिगेटरला लिहिलं म्हणजे कुरिअरला कळवलं असं गृहीत धरू नये. नोटीस दोघांनाही, त्यांच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोचल्याचा पुरावा जपावा. तीन-चार हजारांसाठी कोर्टात कोणी जात नाही हे खरं, पण नोटीस गेली की फाइल कस्टमर केअरकडून वरच्या माणसाकडे जाते, आणि तेवढ्यावर बरेच दावे सुटतात. ग्राहक आयोगाचा रस्ता विक्रेत्यासाठी सरळ नाही. धंद्यासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर जाते, असा आक्षेप कुरिअर घेतोच. तुमच्याकडून साडी घेणाऱ्या ग्राहकाला मात्र तो रस्ता तुमच्याविरुद्ध पूर्ण मोकळा आहे.

म्हणून आता ग्राहकाचा हिशेब. ऑनलाइन विक्रीसाठीचे २०२० चे ई-कॉमर्स नियम नियमित धंदा करणाऱ्या छोट्या विक्रेत्यालाही लागू होतात. सांगितलेल्या मुदतीत माल पोचला नाही तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. कुरिअरचा दावा मंजूर होईपर्यंत थांबा, अशी सवलत त्यात नाही.

आम्ही ग्राहकाला तिने विचारण्याआधी कळवण्याचा प्रयत्न करतो. नागपूरच्या काकूंनी मात्र आधी मेसेज टाकला: ‘साड्या अजून नाही आल्या जी. हळदीकुंकू जवळ आलं.’ उत्तर असं दिलं: ‘काकू, तुमचं पार्सल भिवंडीहून निघालं, पण नागपूरला पोचल्याची नोंद नाही. कुरिअर शोधतोय, पण तुम्ही त्यावर थांबू नका. याच रंगाच्या साड्या आज दुसऱ्या कुरिअरने पाठवू, की पैसे परत करू? हळदीकुंकवाच्या आत नक्की पोचतील असं मला सांगता येणार नाही.’ पर्याय दोनच द्यावेत आणि जे खात्रीने करता येत नाही ते तसं सांगून टाकावं. ‘उद्या नक्की’ असं म्हणून दोन दिवस मिळतात, आणि मग ग्राहक बँकेकडे जातो.

बँकेकडे जाणं म्हणजे चार्जबॅक. ग्राहकाने कार्डाच्या बँकेला ‘माल मिळाला नाही’ असं कळवलं की पेमेंट गेटवे, म्हणजे तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणारी कंपनी, तुमच्याकडे डिलिव्हरीचा पुरावा मागतो. तो तुमच्याकडे नसतोच. पैसे जातात, बऱ्याच गेटवेंचं वेगळं शुल्कही बसतं. म्हणूनच परतावा मूळ व्यवहारातूनच करावा, म्हणजे गेटवेच्या पॅनेलवर त्याच पेमेंटवर ‘रिफंड’ करून. ग्राहक घाईत असेल तर यूपीआयने वेगळे पैसे पाठवण्याचा मोह होतो. पण गेटवेच्या नोंदीत मूळ पेमेंट तसंच राहतं, आणि नंतर चार्जबॅक आला तर तेच पैसे दोनदा जाऊ शकतात. रिफंड केल्यावर गेटवे संदर्भ क्रमांक देतो, तो ग्राहकाला लगेच पाठवावा. कार्डावर पैसे दिसायला काही कामाचे दिवस लागतात, आणि तोवर ‘दिले म्हणता, पण आले नाहीत’ असा संशय त्या क्रमांकाने मिटतो, कारण ग्राहकाला तो घेऊन स्वतःच्या बँकेत विचारता येतं.

काकूंनी पैसे परत मागितले, आणि ३,९९० रुपये पूर्ण परत गेले. गेटवेचं कापलेलं शुल्क ग्राहकाच्या परताव्यातून वजा करायचं नसतं, ते आपल्या खर्चात धरायचं.

त्याच वेळी ग्राहकाकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात, सहीचा कागद असेल तर उत्तम. एक, ‘या क्रमांकाचं पार्सल मला मिळालेलं नाही.’ दुसरी, ‘ते पुढे आलं तर मी घेणार नाही किंवा तुम्हाला कळवीन.’ पहिली ओळ कुरिअरला हवी असते, दुसरी आपल्याला. पण पत्र दिल्याशिवाय पैसे नाहीत असं मात्र म्हणू नये. त्याने ग्राहक दुखावतो, आणि तशी अट घालायचा आपल्याला हक्कही नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल असेल तर परताव्याचा हा सगळा भाग सुटतो, पैसे आलेलेच नसतात. तिथे फक्त दुसरी साडी पाठवायची की ऑर्डर रद्द करायची, एवढंच विचारायचं.

जीएसटी नोंदणी असेल तर अजून दोन नोंदी कराव्या लागतात. परतावा दिला की त्या बिलावर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढायची, त्याने भरायचे १९० रुपये कमी होतात. आणि हरवलेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, सोडावं लागतं, कारण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर ते मिळत नाही. या साड्या २,६०० रुपयांना घेतल्या होत्या, वर १३० जीएसटी. ते १३० आता खर्चात गेले, म्हणजे माल आपल्याला २,७३० ला पडला. कुरिअरकडून ३,८०० आणि भाडं आल्यामुळे हिशेब जमला. १,००० रुपयांवर गप्प बसलो असतो तर साड्यांचेच १,७३० रुपये अंगावर आले असते. परताव्याऐवजी ग्राहकाला दुसरी साडी पाठवली तर मूळ बिल तसंच राहतं, क्रेडिट नोट लागत नाही, पण हरवलेल्या साडीचं इनपुट क्रेडिट तरीही सोडावं लागतं. दोन्ही नोंदी सीएला त्याच महिन्यात कळवाव्यात.

पोस्टाने पाठवलं असेल तर वेगळं गणित आहे. स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती. म्हणजे स्पीड पोस्टाने महाग माल पाठवायचा तर विमा काउंटरवरच करून घ्यायला हवा.

राहिलं ते हरवलेलं पार्सल सापडण्याचं. दावा मंजूर झाल्यावर काही आठवड्यांनी ट्रॅकिंग अचानक हलतं, आणि पार्सल ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसतं. तेव्हा ग्राहकाला लगेच फोन करून ओटीपी देऊ नका असं सांगायचं, आणि अ‍ॅग्रिगेटरला पार्सल परत मागवायला लिहायचं. ते परत आलं की दिलेली भरपाई वॉलेटमधून कापली जाते, तसं करारातच असतं. पण कापू देण्याआधी पार्सल घ्यायचं कसं, ते महत्त्वाचं. डिलिव्हरीच्या माणसासमोरच वजन करायचं, लेबलावरचं वजन आणि काट्यावरचं वजन एकाच चौकटीत दिसेल असा व्हिडिओ घ्यायचा, आणि कॅमेरा बंद न करता पार्सल उघडायचं. टेप दोनदा लावलेली दिसली, एकच साडी निघाली किंवा खणाला ओल लागून रंग उतरलेला असला, तर पावतीवर ‘माल कमी’ किंवा ‘माल खराब’ असं लिहूनच सही करायची. कोरी सही केली की भरपाई कापली जाते आणि माल चांगला मिळाला असं धरलं जातं. तसा शेरा आणि व्हिडिओ असेल तर कापलेल्या रकमेवर त्याच ईमेलच्या साखळीत नव्याने दावा लावता येतो, आणि जुना एडब्ल्यूबी, जुना दावा क्रमांक, सगळं तिथेच एकत्र असतं.